छायाचित्रावरून ठरविलेली किंमत

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी वसाहतीत पहिली गोष्ट घडते ती ही, की जिन्याखालच्या फलकावर एक कागद चिकटतो. कूलर, दिवाण, मुलाची सायकल, गोदरेजचे कपाट. ह्या वस्तूंची किंमत ठरवायला फारसे पांडित्य लागत नाही. कूलरची जाळी चाचपता येते, दिवाणावर बसून पाहता येते, आणि चार बिऱ्हाडांनी पूर्वी काय दिले ते साऱ्या जिन्याला ठाऊक असते. गेल्या काही वर्षांत मात्र ह्या यादीत लॅपटॉपचीही भर पडली आहे, आणि तेथे भलेभले चाचपडू लागतात. विकणाऱ्याला आपण मोजलेले पैसे आठवतात, घेणाऱ्याला मेहुण्याचा फसलेला सौदा आठवतो, आणि दोघेही कोणा तिसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. आमच्या कचेरीत बंद पडलेला प्रिंटर मी दोन-तीनदा चालू केला, एवढ्या भांडवलावर हा तिसरा माणूस होण्याचा मान माझ्याकडे आला आहे.

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी त्याच वर्षी उन्हाळ्यात वारले. दिल्लीला आलो तेव्हा पहिला महिनाभर मी त्यांच्याच घरी जेवलो होतो. क्वार्टर सोडून वहिनी मुलाला घेऊन साताऱ्याला परत गेल्या. एका रात्री त्यांचा निरोप आला आणि त्याबरोबर एक छायाचित्र. टेबलावर उघडा ठेवलेला काळा लॅपटॉप, पडदा बंद. खाली लिहिले होते, “भावजी, ह्याचे किती येतील? माझा भाऊ म्हणतो, बहात्तर हजारांचा आहे, निम्मे तरी मागा. इथला दुकानदार चार हजार म्हणतो. कुणाला फसवायचे नाही, पण ह्यांची वस्तू मातीमोलही जाऊ नये.”

योगायोग असा, की आमच्याच कचेरीतल्या एका गढवाली सहकाऱ्याला मुलीसाठी लॅपटॉप हवा होता. मुलगी बी. कॉम. च्या पहिल्या वर्षाला गेली होती आणि बापाने बारा हजार बाजूला टाकले होते. म्हणजे विकणारी आणि घेणारा, दोन्ही माझीच माणसे. आणि दोघांनाही एकेक हजार मोलाचा.

मी छायाचित्र मोठे करून पाहिले. पडद्याच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात T480 अशी बारीक अक्षरे होती. लेनोवोचा थिंकपॅड T480 हे यंत्र २०१८ च्या आरंभी बाजारात आले. मी ते ओळखत होतो. उत्साहाच्या भरात मी त्याच रात्री कळविले, “वहिनी, चौदा हजार येतील.” ही माझी चूक होती. आकडा अगदीच वावगा होता असे नव्हे. पण मी एका नावाची किंमत सांगितली होती, त्यांच्या टेबलावरच्या यंत्राची नव्हे. एकाच नावाखाली निरनिराळी यंत्रे विकली जातात. कोणाचा प्रोसेसर वेगळा, कोणाची स्मृती दुप्पट, कोणाचा पडदा भरड. बाहेरून सारी जुळी भावंडे.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन मी मुलाकडून आणखी तीन छायाचित्रे मागविली. पहिले लॅपटॉप उलटा करून पाठीवरच्या चिठ्ठीचे. ह्या चिठ्ठीवर यंत्राचा प्रकार छापलेला असतो. तो 20L5 ने सुरू होत होता, म्हणजे T480 खरोखरीच T480 होता. त्याच ओळीत अनुक्रमांक आणि पुढे 18/11 असे आकडे होते. हा बनविल्याचा काळ, नोव्हेंबर २०१८. अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर घातला की हमी कोणत्या तारखेपासून सुरू झाली तेही समजते. ती जानेवारी २०१९ ची निघाली आणि वहिनींना सापडलेल्या पावतीशी जुळली. वय मोजायचे ते असे. ‘तीन-चार वर्षे झाली असतील’ ह्या वाक्यावर कोणीच विसंबू नये. वस्तू विकताना माणसाला ती नेहमी तरुणच वाटते.

दुसरे छायाचित्र चालू पडद्याचे. `Settings` उघडून `System` आणि त्यात `About` येथे गेले की यंत्र स्वतःची माहिती स्वतःच सांगते. तेथे प्रोसेसर i5-8250U आणि स्मृती ८ जीबी होती. साठवणीला २५६ जीबीची एसएसडी होती, जुन्या धर्तीची फिरती तबकडी नव्हे. आणि पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे बारीक अक्षर स्वच्छ दिसणारा होता. तिसरे छायाचित्र पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून आणि उजेड पूर्ण वाढवून काढलेले. बंद पडदा सगळ्यांचाच सुंदर दिसतो. पांढऱ्या पानावर मात्र मध्याच्या थोडे खाली रुपयाएवढा एक फिकट डाग उमटला. झाकण मिटलेले असताना वरून भार पडला की असा डाग राहतो.

आता किंमत. वहिनींच्या भावाचा हिशेब आणि साताऱ्याच्या दुकानदाराचा हिशेब ह्यांत बत्तीस हजारांचे अंतर होते. आपण कारकून माणसे, म्हणून मी प्रथम पुस्तकी हिशेब करून पाहिला. आयकरात संगणकाची घट उरलेल्या किमतीवर दरसाल ४० टक्के धरतात. त्या रीतीने बहात्तर हजारांचे सात वर्षांनी जेमतेम दोन हजार उरतात. पुस्तक दोन हजार म्हणते आणि माया छत्तीस हजार म्हणते. बाजार दोघांचेही ऐकत नाही. ह्याचे कारण असे, की लॅपटॉपची किंमत उतरणीवरून घरंगळत नाही, ती पायऱ्या उतरते. विकत घेतल्याबरोबर एक पायरी, हमी संपली की दुसरी, आणि नवी प्रणाली त्याला स्वीकारीनाशी झाली की तिसरी, सर्वांत उंच. दोन पायऱ्यांच्या मध्ये मात्र ती पुष्कळ काळ जवळजवळ सपाट चालते. म्हणून ‘किती वर्षांचा’ ह्या प्रश्नाचा खरा अर्थ ‘कोणत्या पायरीवर उभा’ असा आहे.

ही तिसरी पायरी मला त्या गढवाली सहकाऱ्यानेच नकळत दाखवून दिली. मी त्याला आकडा सांगण्यापूर्वीच त्याने आपल्या फोनवर एक जाहिरात माझ्यापुढे धरली. तोच काळा लॅपटॉप, तोच लाल ठिपका, किंमत नऊ हजार. “हा तर तोच आहे,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे डोळ्यांना खरे होते. पण तो T470 होता, एक वर्ष आधीचा. दोन्ही शेजारी ठेवले तर ओळखण्याची सोपी खूण म्हणजे चार्जर लावण्याची जागा. T470 ला चार्जरसाठी चौकोनी खाच असते. T480 ला ती नाही, त्याच्या डाव्या बाजूला दोन लांबट गोल यूएसबी-सी खाचा असतात आणि चार्जर त्यांतच लागतो. जाहिरातीतल्या तिसऱ्या छायाचित्रात ती चौकोनी खाच स्वच्छ दिसत होती.

एका वर्षाने एवढे काय बिघडते, असे त्याने विचारले. बिघडते ते असे. विंडोज 10 ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याचे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज 11 साठी इंटेलचे जे प्रोसेसर मान्य आहेत, त्यांची यादी काही थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. T480 मधला i5-8250U आठव्या पिढीचा, म्हणून तो रेघेच्या अलीकडे. T470 मध्ये सर्रास सापडणारा i5-7200U सातव्या पिढीचा, म्हणून पलीकडे. शिवाय सातव्या पिढीच्या त्या प्रोसेसरात दोन गाभे आहेत, आठव्यात चार. म्हणजे कातडे तेच, पण आत एकाला अजून काही वर्षे सरकारमान्य नोकरी आहे आणि दुसरा सेवानिवृत्त झाला आहे. सेवानिवृत्तही काम करतो, आडवाटेने त्याच्यावर नवी प्रणाली चढविताही येते; पण ती पुढे दुरुस्त होत राहील ह्याची शाश्वती कोणी देत नाही. कॉलेजात चार वर्षे काढणाऱ्या मुलीसाठी नऊ हजारांचा तो लॅपटॉप स्वस्त नव्हता. हे त्याला पटले.

पायरी निश्चित झाली तरी आकडा उरतोच. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळांवर मला T480 च्या अकरा जाहिराती सापडल्या, नऊ हजारांपासून अठ्ठावीस हजारांपर्यंत. येथे पुष्कळांची फसगत होते. जाहिरातीतली किंमत ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे. जी जाहिरात सहा आठवडे जागची हललेली नाही, ती एवढेच सांगते की ह्या भावाला कोणी गिऱ्हाईक मिळाले नाही. अशा जाहिराती मी गाळल्या. ज्यांत प्रोसेसरचे नाव नव्हते किंवा केवळ उत्पादकाच्या जाहिरातीचे गुळगुळीत चित्र लावले होते त्याही गाळल्या. उरल्या चार. चारांवरून भाव ठरविण्याचा धीर मला होईना, म्हणून शनिवारी मी नेहरू प्लेसला गेलो.

जुने लॅपटॉप साफसूफ करून विकणाऱ्या तीन दुकानांत मी एकच प्रश्न दोन अंगांनी विचारला. प्रथम घेणारा होऊन: T480, i5-8250U, ८ जीबी, २५६ जीबी, केवढ्याला द्याल? सहा महिन्यांच्या हमीसह सोळा, सतरा आणि अठरा हजार, अशी उत्तरे आली. मधल्या दुकानदाराला मी विचारले, हमी नको असेल तर? तो म्हणाला, साडेचौदा. मग विकणारा होऊन मुलाने पाठविलेली छायाचित्रे दाखविली. त्याने डाग पाहून सहा हजार सांगितले. साताऱ्याच्या दुकानदाराने चार हजार म्हटले त्यात लबाडी नव्हती, हे तेव्हा मला उमगले. दुकानदाराला वस्तू उघडून साफ करायची असते, ती महिनाभर पडून राहिली तर भांडवल अडकते, आणि पाचांतली एक हमीत परत आली तर तिचा भुर्दंड इतर चारांवर काढायचा असतो. सहा आणि सतरा ह्यांमधले अकरा हजार हे ह्या साऱ्याचे मोल आहे.

ओळखीच्या दोघांमधला न्याय्य भाव ह्याच दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असला पाहिजे. सहाच्या खाली गेला तर विकणारीने दुकानात द्यावे हे बरे. हमीविना साडेचौदाच्या वर गेला तर घेणाऱ्याने दुकानात जावे हे बरे. मधल्या जागेत मात्र दुकानदाराचे श्रम वाचतात आणि ती बचत दोघांत वाटली जाते. आता प्रश्न एवढाच की हे विवक्षित यंत्र दुकानातल्या यंत्राहून किती उणे आहे.

ते कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही, कारण सर्वांत आधी झिजते ती बॅटरी. मी मुलाला `Command Prompt` उघडून पुढची एक ओळ लिहायला सांगितली:

```
powercfg /batteryreport
```

एवढ्याने एक अहवाल तयार होतो. त्यात `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असतानाची धारणशक्ती आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज पूर्ण भरल्यावर राहणारी. T480 मध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक पोटात आणि एक पाठीला लावलेली, काढता येणारी. नव्या असताना दोन्ही सुमारे २४ वॉट-तासांच्या होत्या. अहवालाप्रमाणे पोटातली दहावर आली होती आणि पाठीची सहावर. मिळून अठ्ठेचाळीसचे सोळा. साधे लिहिण्यावाचण्याचे काम असले तर हे यंत्र ताशी अदमासे ११ वॉट-तास खाते. म्हणजे जेमतेम दीड तास. नेहरू प्लेसचा दुकानदार तीन तास चालेल असे सांगत होता. पाठीची बॅटरी नवी घातली तर चोवीस आणि दहा मिळून चौतीस, म्हणजे तीन तास. त्या बॅटरीची किंमत त्याच बाजारात अडीच हजार होती. अर्थात वहिनींचे यंत्र दुकानातल्या यंत्राच्या बरोबरीला आणायला नेमके अडीच हजार लागत होते. वजावट तेवढीच, अडीच हजार.

डागाचे मात्र वेगळे. पडदा बदलायचा म्हटला तर चार हजारांच्या पुढे खर्च आला असता. तेवढे सगळे वजा करावे, असे सहकाऱ्याने सुचवून पाहिले. मी त्याला विचारले, “तुम्ही खरोखरच पडदा बदलून घेणार?” तो म्हणाला, “नाही.” मग जो खर्च कोणी करणारच नाही तो पुरा का वजा करायचा? जे दुरुस्त केल्यावाचून काम अडते त्याचा खर्च पूर्ण धरावा. जे डोळ्यांना खुपते पण कामाला अडवीत नाही त्यासाठी गिऱ्हाइकाच्या मनाचे समाधान होईल इतकेच सोडावे. मी एक हजार धरला. तो समाधान पावला, आणि मला वाटते, वहिनींवरही अन्याय झाला नाही.

हमीविना दुकानी भाव साडेचौदा हजार. त्यातून बॅटरीचे अडीच आणि डागाचा एक गेला. राहिले अकरा हजार. मूळचा चार्जर बरोबर होता, म्हणून त्यासाठी काही कापले नाही.

हिशेब सोपा झाला. वहिनींना सांगणे सोपे नव्हते. चौदा हजार मीच कबूल केले होते. मी फोन केला तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “भावजी, मग तीन हजार कुठे गेले?” त्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून तो प्रश्न अधिक लागला. मी म्हटले, “वहिनी, ते कुठे गेले नाहीत, ते नव्हतेच. मी न पाहता बोललो.” रात्री सगळा हिशेब ओळीने लिहून पाठविला; दुकानाचा भाव, वजावट, आणि प्रत्येक वजावटीचे कारण. तोच कागद सहकाऱ्यालाही दिला. एकाला दाखवायचा आणि दुसऱ्यापासून लपवायचा हिशेब न्याय्य असू शकत नाही, एवढे तरी सरकारी नोकरीत शिकलो आहे. सकाळी वहिनींचे उत्तर आले, “पटले. बारा असते तर बरे झाले असते, पण पटले.”

आणखी एक गोष्ट पैसे हाती देण्यापूर्वी पाहायची होती. ह्या थिंकपॅडच्या यंत्रांत प्रणाली सुरू होण्याच्याही आधीच्या थराला एक पासवर्ड घालता येतो. तो घालणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नसला, तर मुख्य फलकच बदलावा लागतो असे उत्पादकच सांगतो. तसे असते तर अकरा हजारांचे यंत्र सुट्या भागांच्या मोलाचे झाले असते. मालक हयात नसेल तेव्हा ही भीती खरी असते. मुलाने यंत्र सुरू होताना F1 दाबून पाहिले. काही न विचारता ते थेट आत गेले. वडिलांची छायाचित्रे आणि कागदपत्रे त्याने आधी दुसरीकडे उतरवून घेतली, दोनदा तपासली, आणि मगच यंत्र पुसून कोरे केले. हा क्रम उलटा होऊ नये म्हणून मी त्याला तीनदा बजावले होते.

लॅपटॉप साताऱ्याच्या एका परिचितांबरोबर गोवा एक्सप्रेसने दिल्लीला आला. माझ्या खोलीत आम्ही तो तपासला. प्रत्येक कळ दाबून पाहिली, दोन्ही खाचांत चार्जर लावून पाहिला, बॅटरीचा अहवाल पुन्हा काढला, पांढरे पान उघडले. डाग होता तेथेच होता, आकडे होते तेच होते. मुलीने प्रथमच तो डाग पाहिला आणि म्हणाली, “बस, इतना ही?” बापाने अकरा हजार मोजून दिले, आणि पाठीची बॅटरी घेण्यासाठी त्याच्या बारांतला एक हजार शिल्लक राहिला, उरलेले दीड पुढच्या पगारातून.

तेव्हापासून छायाचित्रावरून किंमत विचारणाऱ्याला मी एक आकडा कधीच सांगत नाही. दोन आकडे सांगतो आणि मध्ये काय काय पाहायचे बाकी आहे ते लिहितो. पाठीवरची चिठ्ठी, `About` चे पान, पांढरा पडदा, बॅटरीचा अहवाल, सुरुवातीचा पासवर्ड. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर, अंदाज हा पडताळणीच्या अधीन. विचारणाऱ्याला हे उत्तर नोकरशाहीचे वाटते, हे मला माहीत आहे. पण एकदा उदारपणे सांगितलेले तीन हजार परत मागून घेताना वाटलेला संकोच मी अजून विसरलेलो नाही.